पहिल्या स्टेरॉइडआधीचे दोन आकडे



दम्याचे निदान आपल्याकडे बहुतेक वेळा कानाने होते. रोगी सांगतो, पहाटे खोकल्याने जाग येते, छाती भरून येते, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो आणि औषध सुरू होते. ही पद्धत टाकाऊ नाही. लक्षणे आणि तपासणी यांच्याशिवाय दम्याचा विचारच सुरू होत नाही. पण तिच्यावर थांबले तर किती चुकू शकते, हे कॅनडातील एका अभ्यासाने 2017 साली दाखवले. डॉक्टरांनी मागच्या पाच वर्षांत दमा असल्याचे सांगितलेल्या 613 प्रौढांची तिथे पद्धतशीर तपासणी झाली, औषधे टप्प्याटप्प्याने कमी करून पुन्हा पुन्हा चाचण्या झाल्या आणि अखेर त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांना त्या वेळी दमा नसल्याचे ठरले. काहींचा दमा ओसरला असेल, काहींना तो कधी नव्हताच. पण यातले अनेक जण रोज औषध घेत होते, आणि काही जणांच्या धापेचे खरे कारण हृदयात किंवा दुसऱ्याच एखाद्या आजारात होते.

आजच्या व्याख्यानात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. दम्यात दोन गोष्टी घडतात: श्वासनलिका आवळतात आणि श्वासनलिकांना सूज येते. आवळणे आपल्याला ऐकू येते, स्पायरोमेट्रीवर दिसते. सूज मात्र ऐकू येत नाही, आणि औषध कोणते द्यायचे हे मुख्यतः सुजेवर ठरते. या सुजेचा अंदाज देणाऱ्या दोन साध्या चाचण्या आज आपल्या हाती आहेत. एक, सोडलेल्या श्वासातील नायट्रिक ऑक्साइड, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘फेनो’ म्हणतात. आणि दुसरी, रक्तातील इओसिनोफिल पेशींची संख्या. माझे म्हणणे असे की, हे आकडे ‘दमा आहे की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘या माणसाला स्टेरॉइडचा उपयोग होईल का, आणि त्याला झटक्यांचा धोका किती’ या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगले देतात. आणि स्टेरॉइडची पहिली मात्रा पोटात किंवा छातीत जाण्याआधी ते घेतले, तरच त्यांची पूर्ण किंमत मिळते.

या विचाराचे मूळ 1958 सालापर्यंत जाते. इंग्लंडमधील डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी दम्याच्या रोग्यांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. तेव्हा प्रेड्निसोलोन नवे औषध होते आणि दम्यावर त्याचा उपयोग होतो की नाही याबद्दल वैद्यकात मतभेद होते. मॉरो ब्राउन यांच्या लक्षात आले की बेडक्यात इओसिनोफिल पेशी भरपूर असणारे रोगी या औषधाने सुधारतात आणि त्या नसणारे फारसे सुधारत नाहीत. म्हणजे औषध चांगले की वाईट, हा वादच चुकीचा मांडला गेला होता. प्रश्न औषध कोणाला द्यायचे हा होता. पण पुढची तीस-चाळीस वर्षे हे निरीक्षण बाजूला पडले. श्वासातून घ्यायची स्टेरॉइड आली, ती सुरक्षित होती, आणि सर्वांना तीच द्यावीत असा सरधोपट मार्ग रुळला.

2002 साली लेस्टरच्या संशोधकांनी तो जुना धागा पुन्हा उचलला. त्यांनी दम्याच्या 74 रोग्यांचे दोन गट केले. एका गटाचे औषध नेहमीप्रमाणे लक्षणे आणि फुप्फुसांची क्षमता पाहून कमीजास्त केले. दुसऱ्याचे औषध बेडक्यातील इओसिनोफिल काबूत ठेवण्याच्या हिशेबाने. वर्षभरात पहिल्या गटाला दम्याचे 109 तीव्र झटके आले, दुसऱ्याला 35. दोन्ही गटांना मिळालेल्या स्टेरॉइडची एकूण मात्रा जवळजवळ सारखीच होती. म्हणजे दुसऱ्या गटाला औषध जास्त मिळाले नव्हते. ज्यांना हवे त्यांना वाढवले गेले आणि ज्यांना नको त्यांचे कमी केले गेले. दम्याच्या उपचाराचा अर्धा अर्थ या एका प्रयोगात आहे. तरीही बेडक्याची तपासणी रोजच्या वैद्यकात रुजली नाही, कारण ती किचकट आहे. खारट पाण्याची वाफ देऊन बेडका काढावा लागतो, तो लगेच प्रयोगशाळेत न्यावा लागतो, पेशी मोजायला प्रशिक्षित डोळा लागतो, आणि बऱ्याच रोग्यांना पुरेसा बेडका निघतच नाही. त्यामुळे त्याच सुजेची दुसरी, सोपी खूण शोधण्याची गरज पडली.

पहिली खूण श्वासात सापडली. सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो हे स्वीडनच्या संशोधकांनी 1991 साली दाखवले, आणि दम्याच्या रोग्यांत तो वाढलेला असतो हे 1993 साली पुढे आले. त्यामागचे कारण आता बरेच स्पष्ट आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशींना इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-13 हे रासायनिक निरोप पोचले की त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एक विकर जोमाने बनवू लागतात. म्हणून फेनोचा आकडा अस्तरावर तो निरोप किती जोरात येतो आहे, ते सांगतो. चाचणी घेताना रोग्याने उपकरणाच्या नळीतून नायट्रिक ऑक्साइड गाळलेली हवा छाती भरून घ्यायची आणि मग ती एका संथ, ठरलेल्या वेगाने, सेकंदाला 50 मिलिलिटर, सुमारे दहा सेकंद सोडत राहायची. वेग ठरलेला असणे फार महत्त्वाचे आहे, कारण श्वास जोरात सोडला तर आकडा खाली येतो आणि हळू सोडला तर वर जातो. सोडताना थोडा अडथळाही मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे टाळूचा मागचा भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड छातीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. ती हवा मिसळली तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. निकाल ‘पीपीबी’ मध्ये, म्हणजे अब्ज भागांत किती भाग, असा येतो. प्रौढांत 25 पेक्षा कमी म्हणजे कमी, 50 पेक्षा जास्त म्हणजे निश्चित जास्त, आणि मधला पट्टा इतर माहितीच्या आधाराने वाचायचा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

दुसरी खूण रक्तात आहे आणि तिच्यासाठी वेगळे उपकरणही लागत नाही. साध्या सीबीसीच्या अहवालात ती छापलेली असते. इओसिनोफिल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि त्यांना वाढायला, टिकायला इंटरल्यूकिन-5 लागतो. रक्तातली संख्या म्हणजे मज्जेतून सुटलेला आणि ऊतींकडे निघालेला साठा. ही संख्या वाचताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. अहवालात इओसिनोफिलची टक्केवारी ठळक असते आणि रोगीही ‘माझे इओसिनोफिल सहा आहेत’ असे सांगतो. पण टक्केवारीवरून काहीच ठरत नाही. एकूण पांढऱ्या पेशी 4,000 आणि इओसिनोफिल 6 टक्के असतील तर खरी संख्या होते 240. एकूण 12,000 आणि 4 टक्के असतील तर ती 480 होते. टक्केवारी कमी असणाऱ्या दुसऱ्या माणसात इओसिनोफिल दुप्पट आहेत. म्हणून एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणून एका मायक्रोलिटरमधली निव्वळ संख्या काढायची. तीव्र दम्यात औषध निवडताना 150 आणि 300 या दोन पायऱ्या वारंवार येतात, आणि बहुतेक प्रयोगशाळांची सामान्य मर्यादा 500 च्या आसपास असते.

दोन्ही आकडे एकाच सुजेचे, मग दोन कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर नव्या औषधांनीच दिले आहे. मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-5 अडवते; ते दिल्यावर रक्तातले इओसिनोफिल झपाट्याने खाली येतात, पण फेनो जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांची वाट अडवते. ते दिल्यावर फेनो उतरतो, आणि रक्तातले इओसिनोफिल मात्र काही काळ उलट वाढतात, कारण रक्तातून श्वासनलिकेत शिरण्याची त्यांची वाट बंद होते आणि ते रक्तातच अडकून राहतात. एका औषधाने एक आकडा हलतो आणि दुसऱ्याने दुसरा, याचा अर्थ ते एकाच गोष्टीची नक्कल नाहीत. रक्तातला आकडा पुरवठा सांगतो, श्वासातला आकडा ती कुमक कुठे बोलावली जाते आहे ते सांगतो. म्हणूनच ज्याचे दोन्ही आकडे वर आहेत त्याला झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसते.

आता निदानाकडे वळू. 2024 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधील तीन प्रमुख संस्थांनी मिळून दम्याचे एकच मार्गदर्शक सूत्र जाहीर केले. प्रौढांत दम्याचा संशय असेल, म्हणजे लक्षणे आणि इतिहास त्या दिशेने बोट दाखवत असतील, तर पहिली पायरी इओसिनोफिल किंवा फेनो मोजण्याची. इओसिनोफिल प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेपेक्षा जास्त, किंवा फेनो 50 वा त्याहून जास्त असेल, तर दमा पक्का धरायचा. तसे नसेल तर श्वासनलिका रुंद करणारे औषध देऊन त्याआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री. एका सेकंदात सोडलेली हवा 12 टक्के आणि 200 मिलिलिटर वाढली तर दमा. स्पायरोमेट्री लगेच शक्य नसेल तर दोन आठवडे दिवसातून दोनदा पीक फ्लो मीटरवर फुंकून चढउतार 20 टक्के आहे का ते पाहायचे. आणि तरीही प्रश्न सुटला नाही, तर श्वासनलिका मुद्दाम चाळवून पाहण्याची चाचणी करायची. या क्रमात आधी लक्षणे आहेत आणि नंतर आकडा, हे विसरू नये. आकड्याने शोध सुरू होत नाही. संशय असलेल्या माणसात तो पुरावा पुरा करतो.

हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, चौतीस वर्षांची एक शिक्षिका आहे. तीन महिने पहाटेचा खोकला, खडूच्या धुळीने वाढणारी धाप, लहानपणी त्वचेचा एक्झिमा, आईला दमा. एकूण पांढऱ्या पेशी 8,200, इओसिनोफिल 7 टक्के, म्हणजे 574. फेनो 62. तिची त्या दिवशीची स्पायरोमेट्री अगदी सामान्य आली तरी काही बिघडत नाही, कारण दम्यातली नळी दिवसभर आवळलेली नसते. लक्षणे, इतिहास आणि दोन्ही आकडे एकाच दिशेने बोलत आहेत. तिला श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड द्यावे. आणि ते फॉर्मोटेरॉलबरोबर एकाच इनहेलरमध्ये दिले, तर त्रास झाला की घेतलेली प्रत्येक फुंक सूजही उतरवते. तिला फक्त साल्ब्युटामॉलचा पंप दिला असता तर खोकला काही तासांसाठी थांबला असता आणि सूज वाढत राहिली असती. आता दुसरी शिक्षिका घेऊ, त्याच वयाची, तशीच लक्षणे सांगणारी; पण एकूण पेशी 7,000, इओसिनोफिल 2 टक्के, म्हणजे 140, आणि फेनो 14. तिला दमा नाही असे म्हणता येणार नाही. पण आता पुढची पायरी स्पायरोमेट्रीची; आणि ती व पीक फ्लो दोन्ही सामान्य आले तर पोटातून वर घशाकडे येणारे आम्ल, नाकामागून घशात उतरणारा स्राव, स्थूलपणा, रक्तक्षय, हृदय या दिशांना नजर टाकायला हवी. तिच्या स्टेरॉइडची मात्रा महिन्यामागून महिना वाढवत नेणे हाच इथे सर्वांत मोठा धोका आहे.

आकड्यांच्या निदानासाठीच्या या वापराला पहिला आक्षेप असा घेतला जातो की हे आकडे दम्याशिवायही वाढतात. आक्षेप खरा आहे आणि तो आपल्या देशात तर फारच खरा आहे. जंतांमुळे इओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणारा एक आजार तर हुबेहूब दम्यासारखा दिसतो: रात्रीचा खोकला, धाप, छातीत शिट्टी. 1940 साली आंध्रातील मदनपल्ली येथील क्षयरोग आरोग्यधामातून फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी अशा रोग्यांचे वर्णन केले होते. ते क्षयाचे रोगी समजले गेले होते, आणि त्यांच्या रक्तात इओसिनोफिलचा सुळसुळाट होता. या आजारात संख्या साधारणपणे 3,000 च्या वर जाते, आणि त्याचा इलाज स्टेरॉइड नसून डायइथाइलकार्बामेझिन आहे, रोज दिले जाणारे आणि तीन आठवडे चालणारे. गडचिरोली, चंद्रपूरसारख्या हत्तीरोगाच्या भागातून आलेल्या माणसाची संख्या 4,000 असेल आणि त्याला दम्याचा पंप दिला, तर त्याला काही दिवस बरेही वाटेल आणि मूळ आजार फुप्फुसे घट्ट करत जाईल. त्याचप्रमाणे अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी आपल्याकडे दम्याच्या रोग्यांत नेहमी सापडते. संख्या 500 च्या बरीच वर गेली की रक्तातील एकूण आयजीई आणि त्या बुरशीविरुद्धची चाचणी करायला हवी. फेनोचेही असेच. नाकाच्या अ‍ॅलर्जीत छाती स्वच्छ असतानाही तो वाढतो, सर्दीत वाढतो, पालक, बीट अशा नायट्रेटयुक्त भाज्या खाऊन आल्यावर वाढतो. आणि धूम्रपानाने कमी होतो, म्हणून विडी ओढणाऱ्या माणसाचा कमी आकडा दिलासा देत नाही.

पण या सगळ्यातून आक्षेपाचा निष्कर्ष निघत नाही, सावधगिरीचा निघतो. चाचणी चुकते म्हणून टाकून द्यायची नसते; ती कुठे चुकते ते माहीत असेल तर ती वाचता येते. मला वाटते आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी नियम असा असावा: 300 ते 1,000 च्या दरम्यानची संख्या आणि दम्याची खरीखुरी लक्षणे असतील तर ती दम्याच्या बाजूने मोजावी, 1,500 च्या वर गेली की दम्याचे निदान झाले असे समजून थांबू नये, तिथेच थबकून दुसरे कारण शोधावे. हा आकडा परदेशी मार्गदर्शकात जसाच्या तसा सापडणार नाही. ब्रिटनमध्ये ‘सामान्य मर्यादेपेक्षा जास्त’ एवढे म्हटले तर पुरते, कारण तिथल्या लोकांत जंत फार कमी आहेत. हाच नियम आपण डोळे झाकून लावला, तर गावोगावच्या जंतांना आपण दमा म्हणू लागू. फेनोला मात्र जंतांचा त्रास तुलनेने कमी, म्हणून जिथे दोन्ही चाचण्या उपलब्ध आहेत तिथे एकीने दुसरीला तपासता येते. 1,100 इओसिनोफिल आणि 12 फेनो ही जोडी दिसली की जंतांचा किंवा दुसऱ्या अ‍ॅलर्जीचा संशय आधी घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. तो म्हणतो, फेनो पाहून औषध कमीजास्त करण्याचे प्रयोग झाले आणि त्यांचे फळ मिळाले नाही. ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, 500 हून अधिक मुलांत, फेनो मोजून उपचार केलेल्या गटातील 48 टक्के मुलांना तीव्र झटका आला आणि न मोजलेल्या गटातील 51 टक्के मुलांना. हा फरक म्हणजे काहीच नाही. उलट ऑस्ट्रेलियात 220 गर्भवती स्त्रियांवरील अभ्यासात, जो 2011 साली प्रसिद्ध झाला, फेनोच्या आधाराने उपचार केलेल्या गटात प्रत्येक गर्भारपणात सरासरी 0.29 झटके आले आणि दुसऱ्या गटात 0.62, म्हणजे निम्म्याहून कमी. मग खरे कोणते? मला दोन्ही खरे वाटतात. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात आकड्याला एक ठरावीक काम दिले होते: फेनो पाहून स्टेरॉइड कमीजास्त करायचे, आणि लक्षणे पाहून श्वासनलिका रुंद करणारे औषध. जिथे फेनो कमी तिथे स्टेरॉइड खरेच कमी केले. दर तीन महिन्यांनी आकडा काढून त्यामागे धावणे आणि आकड्यावरून औषधाचा प्रकार ठरवणे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा फायदा अनिश्चित आहे, म्हणून मी फेनोचा दर महिन्याचा हिशेब ठेवा असे म्हणत नाही. दुसरीचा पुरावा भक्कम आहे.

तो पुरावा सर्वांत स्पष्ट दिसतो मेपोलिझुमॅबच्या कहाणीत. हे औषध आले तेव्हा ते दम्याच्या 362 रोग्यांना दिले गेले, इओसिनोफिल न मोजता. 2007 साली निकाल आला: काही खास फायदा नाही. औषध मोडीत निघाले असते. पण लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन इथल्या संशोधकांनी फक्त ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते अशा रोग्यांना ते दिले. लेस्टरच्या 61 रोग्यांत वर्षभरात औषध न मिळालेल्या गटाला दर माणशी 3.4 झटके आले आणि औषध मिळालेल्या गटाला 2.0. हे 2009 सालचे. या अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: रोजची लक्षणे आणि फुप्फुसांची क्षमता मात्र फारशी सुधारली नाही. म्हणजे रोजची धाप आणि वर्षातून येणारे जीवघेणे झटके ही एकाच दोरीची दोन टोके नाहीत. एखाद्या माणसाला रोज फारसा त्रास नसतो, तो औषध सोडून देतो, आणि एका रात्री आयसीयूत जातो. त्याच्या रक्तातले इओसिनोफिल ते आधीच सांगत असतात. नंतर 2014 साली रक्तात 150 किंवा मागच्या वर्षात 300 इओसिनोफिल असलेल्यांची निवड करून झालेल्या अभ्यासात झटके निम्म्यावर आले. 2018 सालच्या ड्युपिलुमॅबच्या अभ्यासात इओसिनोफिल 300 च्या वर असलेल्यांमध्ये झटके सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले, आणि 150 च्या खाली असलेल्यांत लाभ जवळजवळ दिसला नाही. ही इंजेक्शने आपल्याकडे फार महाग आहेत. म्हणूनच ज्याला उपयोग होणार नाही त्याला ती देणे हा दुहेरी अन्याय आहे, त्या माणसावर आणि त्याच्या कुटुंबाच्या खिशावर.

पण इंजेक्शनपर्यंत जाण्याआधी एक प्रश्न असतो, आणि तो सोडवायलाही फेनोच उपयोगी पडतो. इनहेलर घेऊनही दमा आटोक्यात नाही, असे सांगणाऱ्या माणसाचा फेनो 70 आहे. औषध अपुरे पडते आहे की तो औषध घेतच नाही? सात दिवस स्टेरॉइडचे इनहेलर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष पाहून, रोज घ्यायला लावायचे आणि फेनो पुन्हा मोजायचा. तो चाळीस टक्क्यांहून जास्त खाली आला, तर औषध काम करते, फक्त घेतले जात नाही किंवा चुकीच्या पद्धतीने घेतले जाते असे समजायचे. तिथे महागडे इंजेक्शन नको, तर इनहेलर कसे धरायचे, फुंक मारल्यावर श्वास कसा आत ओढायचा आणि किती वेळ रोखायचा हे शिकवणे आणि ‘पंप लागला की तो सुटत नाही’ या भीतीशी बोलणे गरजेचे. आकडा खाली आलाच नाही, तर दमा खरोखरच हट्टी आहे आणि पुढचे पाऊल योग्य आहे. सात दिवसांची ही साधी पद्धत कितीतरी चुकीचे निर्णय थांबवू शकते.

तिसरा आक्षेप असा की, फेनोचे उपकरण आपल्या गावात कुठे आहे? नाहीच, मोठ्या शहरांतील मोजक्या दवाखान्यांत आहे. पण सीबीसी तालुक्याच्या ठिकाणी होते, आणि बहुतेक रोग्यांच्या जुन्या फायलीत तिचे दोनचार कागद असतातच. हे जुने कागद आपण वाचत नाही. माझा मुख्य आग्रह इथेच आहे. धाप लागलेला रोगी आला की आपल्याकडे प्रेड्निसोलोनच्या गोळ्या किंवा डेक्सामेथासोनचे इंजेक्शन लगेच दिले जाते. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडने रक्तातले इओसिनोफिल काही तासांत कोसळतात. एका आठवड्याच्या कोर्सनंतर संख्या शून्यालाही टेकू शकते. पंधरा दिवसांनी रोगी तज्ज्ञाकडे जातो, इओसिनोफिल 40 येतात, आणि अहवाल वाचून कोणी म्हणतो, हा इओसिनोफिलचा दमाच नाही. पुरावा होता, तो आपणच औषधाने पुसला. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडने फेनोही काही दिवसांत उतरतो. म्हणून सर्वांत जास्त माहिती देणारा आकडा हा स्टेरॉइडच्या आधी घेतलेला आकडा असतो, आणि झटक्याच्या वेळी, औषध द्यायच्या आधी काढलेले रक्त सोन्याच्या मोलाचे असते. ज्याला गंभीर झटका आला आहे त्याचे औषध रक्त निघेपर्यंत थांबवायचे नाही; पण ज्या दवाखान्यात सलाइनसाठी सुई लागते तिथे त्याच सुईने दोन मिलिलिटर रक्त काढून सीबीसीसाठी पाठवायला वेळ लागत नाही. आणि एका कमी आकड्यावर विसंबूही नये. दिवसभरात इओसिनोफिल चढतात-उतरतात, रात्री जास्त आणि सकाळी उशिरा कमी. म्हणून मागच्या सर्व सीबीसींतील सर्वांत मोठी संख्या शोधावी. ती 300 असेल तर आजच्या 90 ला फारसे महत्त्व नाही.

शेवटी या दोन आकड्यांच्या मर्यादेबद्दल एक स्पष्ट शब्द. आकडे कमी असलेला दमाही असतो, आणि त्याला उपचार असतात. ब्रिटनच्या सूत्रात मध्यम मात्रेच्या उपचाराने दमा आटोक्यात येत नसेल तर दोन्ही आकडे पुन्हा पाहायचे; एकही जास्त असेल तर तज्ज्ञाकडे पाठवायचे, आणि दोन्ही जास्त नसतील तर स्टेरॉइड वाढवण्याऐवजी माँटेलुकास्टसारखी गोळी किंवा टायोट्रोपियमसारखे औषध आठ ते बारा आठवडे जोडून पाहायचे आणि उपयोग झाला नाही तर ते बंद करायचे. टेझेपेलुमॅब हे नवे औषध सुजेच्या आधीच्या टप्प्यावर काम करते, आणि 2021 च्या अभ्यासात कमी इओसिनोफिल असलेल्यांनाही त्याचा काही फायदा दिसला, जरी जास्त असलेल्यांना तो अधिक मिळाला. म्हणजे कमी आकडा हा दार बंद झाल्याचा निकाल नाही. स्टेरॉइडच्या मात्रेवर मात्रा चढवू नका, एवढाच त्याचा सल्ला आहे.

मला जे सांगायचे ते आता दोन वाक्यांत येते. दम्याचा संशय आला आणि रोगी जीवघेण्या स्थितीत नसेल, तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी इओसिनोफिलची निव्वळ संख्या काढा, शक्य असेल तिथे फेनो मोजा, आणि तो आकडा तारखेसह रोग्याच्या कागदावर लिहा. पुढे वीस वर्षे त्या माणसाला कोणते औषध द्यायचे, कोणते वाढवायचे आणि कोणते कधीच द्यायचे नाही, याचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तो आकडा लागणार आहे, आणि उशीर झाला तर तो पुन्हा तितका निखळ मिळेलच असे नाही.